विश्लेषण : ‘पुस्तकी मूल्या’पेक्षा स्वस्त शेअर खरोखर स्वस्त असतो का?

५ मार्च २०२० रोजी, निर्बंध लागू होण्याच्या काही तास आधी, येस बँकेचा शेअर ३७ रुपयांच्या आसपास होता. बँकेच्या शेवटच्या जाहीर ताळेबंदानुसार प्रति शेअर पुस्तकी मूल्य मात्र सुमारे १०८ रुपये होते. भाव भागिले पुस्तकी मूल्य, म्हणजेच पी/बी गुणोत्तर, जेमतेम ०.३४. रुपयाचा माल ३४ पैशांत मिळतो आहे, असे अनेकांना वाटले.

पुस्तकी मूल्य म्हणजे कंपनीच्या मालमत्तेतून सर्व देणी वजा केल्यावर भागधारकांसाठी उरणारी रक्कम. तिला शेअरच्या संख्येने भागायचे. सप्टेंबर २०१९अखेर येस बँकेकडे ही रक्कम २७ हजार कोटींहून अधिक होती आणि शेअर होते सुमारे २५५ कोटी.

बँकेची मालमत्ता म्हणजे मुख्यतः तिने दिलेली कर्जे. ती ताळेबंदात किती रकमेला दिसणार, हे बुडीत कर्जांसाठी किती तरतूद केली यावर ठरते. तरतूद टाळली, की पुस्तकी मूल्य तेवढ्या काळापुरते फुगलेले राहते. १४ मार्चला डिसेंबर तिमाहीचे निकाल आले आणि तोटा निघाला १८,५०० कोटींहून अधिक. तो वजा केल्यावर प्रति शेअर मूल्य ३५-३६ रुपयांवर येते. म्हणजे ३७ रुपयांचा भाव स्वस्त नव्हताच. बाजाराने तोटा आधीच धरला होता, ताळेबंद मागे होता. पुढे पुनर्रचनेत स्टेट बँकेने १० रुपये दराने शेअर घेतले.

हे आधी ओळखता आले असते का? बऱ्याच अंशी, हो. सप्टेंबरच्या निकालांत बँकेनेच ‘बीबी’ व त्याखालील पतमानांकनाची, म्हणजे जोखमीची, कर्जे ३० हजार कोटींहून अधिक असल्याचे सांगितले होते. हा आकडा भागधारकांच्या एकूण निधीपेक्षा मोठा होता. बँकेचा पी/बी पाहताना ही तुलना आधी करावी. नुसते गुणोत्तर पाहून फारसे काही कळत नाही.

उलट बाजूही आहे. कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात जवळपास दिसतच नाही, विकत घेतलेला मात्र दिसतो. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये हॉर्लिक्सचा व्यवसाय मुख्यतः नवे शेअर देऊन आपल्यात विलीन केला आणि तिचा निव्वळ निधी सुमारे ८ हजार कोटींवरून वर्षभरात ४७ हजार कोटींवर गेला. पी/बी एकदम घसरला. साबण विकणारी कंपनी त्यामुळे काही पाचपट स्वस्त झाली नव्हती. अशा कंपन्यांत हे गुणोत्तर जवळजवळ निरुपयोगी ठरते. ते खरे कामी येते बँका आणि वित्त कंपन्यांत, तेही कर्जांचे आकडे प्रामाणिक असतील तर.