गोळ्या सोडल्या म्हणून नव्हे, सोडून-सोडून घेतल्या म्हणून

माझा मामेभाऊ तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करतो. ज्या कारखान्यात तो ड्रम उचलतो तिथे औषधांचा कच्चा माल तयार होतो. गेल्या वर्षी त्याच्या बेडक्याच्या तपासणीत रिफॅम्पिसिनला दाद न देणारा टीबी निघाला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने त्यालाच दोष दिला. मामू म्हणाले, "गोळ्या खायचा कंटाळा केलास, आता भोग." मीही तेच म्हणालो. नंतर मी त्याची सगळी कागदपत्रं, रिकामी पाकिटं आणि मेडिकलची बिलं तारखेप्रमाणे लावून पाहिली आणि मला माझे शब्द मागे घ्यावे लागले. कंटाळा हा त्या गोष्टीचा फार छोटा भाग होता.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. "शरीराला औषधाची सवय झाली" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. सवय शरीराला होत नाही आणि एकेका जंतूलाही होत नाही. टीबीचा जंतू साधारण वीस तासांनी एकदा दुभंगतो आणि प्रत्येक वेळी आपल्या जनुकांची नक्कल करतो. या नकलेत कधीतरी एखादं अक्षर चुकतं. क्वचित ती चूक नेमकी अशा जागी होते की औषध जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदलते. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत ही जागा म्हणजे `rpoB` नावाच्या जनुकाचा जेमतेम 81 अक्षरांचा तुकडा. औषध ही चूक घडवत नाही, ती आधीच झालेली असते. औषध फक्त बाकीच्यांना मारून चुकलेल्याला मोकळी जागा करून देतं.

आता थोडा हिशोब. फुप्फुसात टीबीने पोकळी केली असेल तर तिथे दहा कोटी जंतू असणं ही काही मोठी गोष्ट नाही. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक सापडतो आणि रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. म्हणजे पहिली गोळी तोंडात टाकण्याआधीच त्या पोकळीत आयसोनियाझिडला पुरून उरणारे शंभरेक जंतू आणि रिफॅम्पिसिनला पुरून उरणारा एखादा जंतू बसलेला असतो. एकच औषध दिलं तर हेच वाचतात आणि काही आठवड्यांत पोकळी पुन्हा भरतात. 1948 साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन एकटं देऊन पाहिलं तेव्हा हेच झालं. रोगी आधी सुधारले आणि नंतर त्यांच्यातल्या बहुतेकांच्या जंतूंवर औषध चालेनासं झालं. पण दोन्ही औषधांना एकदम न जुमानणारा जंतू हवा असेल तर दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे एक कोटीच्या एक कोटीपट जंतूंत एक. इतके जंतू कोणाच्याच छातीत मावत नाहीत. म्हणून टीबीला चार औषधं एकत्र देतात. पहिल्या दोन महिन्यांत आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, पुढच्या चार महिन्यांत पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. सरकारी केंद्रात ही औषधं एकाच गोळीत मिळून येतात आणि पन्नास ते चौसष्ट किलो वजनाच्या माणसाला रोज अशा चार गोळ्या असतात.

सहा महिने का, हेही भावाला कोणी नीट सांगितलं नव्हतं. वेगाने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. खोकला थांबतो, ताप उतरतो, वजन वाढतं. मागे उरतात ते सुस्त, जवळजवळ झोपलेले जंतू. जो जंतू वाढतच नाही त्याला बहुतेक औषधं सहज मारू शकत नाहीत, तो अधूनमधून जागा होईल तेव्हा जास्त सापडतो. हे झोपलेले जंतू औषधाला दाद न देणारे नसतात, फक्त झोपलेले असतात. म्हणूनच एखाद्याने चारही औषधं एकाच दिवशी पूर्ण बंद केली आणि सहा महिन्यांनी टीबी उलटला तर पुष्कळदा तो जुन्याच औषधांनी बरा होतो. आजार परत येणं आणि औषध निकामी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट होते ती बहुधा घेत-सोडत, सोडत-घेत राहिल्याने.

भावाची पाकिटं हेच सांगत होती. सातव्या आठवड्यापर्यंत सगळं ठीक. मग रात्रपाळी लागली. उपाशीपोटी चार गोळ्या घेतल्या की मळमळायचं आणि मशीनवर उभं राहता यायचं नाही, म्हणून कामाच्या दिवशी गोळ्या नाहीत आणि सुट्टीला गोळ्या. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. ते पाहून सोबतच्या कामगाराने "किडनी गेली तुझी" म्हणून घाबरवलं, तेव्हा बारा दिवस बंद. मग खोकला आला म्हणून जुन्या पाकिटातून पुन्हा सुरू. रमजानमध्ये आणखी दहा-बारा दिवस तसेच गेले. रोजा सोडायला तो तयार नव्हता आणि गोळी कधी घ्यायची हे विचारायला लाजत होता. आजारी माणसाला रोजे नंतर भरून काढायची सवलत कुरआनातच आहे. शिवाय हा डोस दिवसातून एकदाच असतो, त्यामुळे सेहरी किंवा इफ्तारची वेळ धरून तो बसवता येतो का, हे डॉक्टरांना विचारता आलं असतं. मशिदीत हे कोणी एकदा बोललं असतं तर बरं झालं असतं.

आता या घेण्या-सोडण्याने आत काय होतं ते बघा. चार औषधं एकाच वेगाने मारत नाहीत आणि बंद केल्यावर प्रत्येकाचा मारही सारखा टिकत नाही. त्यामुळे दर खंडात असे काही दिवस येतात की जंतूंवर प्रत्यक्षात एकाच औषधाचा दाब उरतो. त्या दिवसांत त्या एका औषधाला न जुमानणारे थोडे पुढे सरकतात. गोळ्या पुन्हा सुरू केल्या की काही मरतात, पुन्हा बंद केल्या की उरलेले वाढतात, आणि वाढताना नव्या नकला, नव्या चुका. अशा चार-पाच फेऱ्यांत पहिल्यांदा बहुधा आयसोनियाझिड पडतं. बाहेरून काहीच कळत नाही, कारण गोळी तीच असते. पण तिसऱ्या महिन्यापासून पायराझिनामाइड नसतं आणि इथॅम्ब्युटॉल तसं दुबळं. म्हणजे कागदावर तीन औषधं चालू असतात आणि छातीत रिफॅम्पिसिन जवळजवळ एकटं लढत असतं. एकट्या रिफॅम्पिसिनला हरवायला दहा कोटींतला एक जंतू पुरतो. सुरुवातीच्या तपासणीत भावाचा जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत होता, पाचव्या महिन्यात देत नव्हता. मधल्या कोणत्या आठवड्यात काय पडलं ते आता सांगता येणार नाही, पण वाट बहुतेक हीच होती.

कागद आणखी मागे नेले तर निदानाच्याही आधीची तीन बिलं सापडली. बोईसरच्या एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या लिव्होफ्लॉक्सासिनच्या पाच-पाच गोळ्या. हे औषध शेड्यूल एच-1 मध्ये आहे. 1 मार्च 2014 पासून ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराने रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची असते. पाच दिवसांत खोकला कमी झाला, त्याला वाटलं बरं झालं. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूलाही मारतं, त्यामुळे आजार दबतो आणि निदान लांबतं. तेव्हा पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि समोर औषध एकच. वर केलेला हिशोब इथे तसाच लागू होतो. याच घराण्यातलं मॉक्सिफ्लॉक्सासिन हे न दबणाऱ्या टीबीच्या नव्या सहा महिन्यांच्या उपचारातलं एक महत्त्वाचं औषध आहे. भावाच्या पुढच्या तपासणीत तेही चालणार नाही असं निघालं. त्या पंधरा गोळ्यांमुळेच झालं असं सिद्ध करता येत नाही, त्याला तसाच जंतू मुळात कोणाकडून मिळालाही असेल. पण मला तो योगायोग वाटत नाही.

म्हणून फक्त रोग्याला झापणं मला पटत नाही. मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीतल्या 106 खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली होती. 2010 साली छापलेल्या त्या अभ्यासात 63 वेगवेगळे उपचार निघाले आणि बरोबर लिहिणारे फक्त सहा. पुढच्याच वर्षी हिंदुजा हॉस्पिटलमधल्या याच उदवाडियांनी आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या चार रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या तिघांना अठरा महिन्यांत सरासरी चार खासगी डॉक्टरांनी औषधं एकेक करून जोडून दिली होती, तीही पुष्कळदा चुकीच्या मात्रेत. हरत चाललेल्या उपचारात एकच नवं औषध घालणं म्हणजे त्या नव्या औषधाला एकट्याने लढायला पाठवणं. त्या डॉक्टरांना कोणी "कंटाळा केलात" असं म्हटलं नाही.

देशभरच्या 2014 ते 2016 च्या पाहणीत नव्या रोग्यांपैकी 2.84 टक्क्यांत आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही निकामी होती, आधी उपचार झालेल्यांत 11.62 टक्क्यांत. तेव्हा ज्याच्या गोळ्यांत खंड पडला आहे त्याने घरातलं जुनं पाकीट स्वतःहून सुरू करू नये, आधी बेडका तपासायला द्यावा. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यात बनतं. त्याने रिफॅम्पिसिन चालतं की नाही ते त्याच दिवशी कळू शकतं. पण रिफॅम्पिसिन चालतं असं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आयसोनियाझिडसाठी वेगळी, लाइन प्रोब नावाची तपासणी असते, ती केली का हे विचारा. एकटं आयसोनियाझिड पडलं असेल तर उपचार वेळीच बदलता येतो. भावाच्या वेळी हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि माझं रोजचं कामच दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधायचं आहे.

सध्या तो बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिडवर आहे. पूर्वी याच आजाराला दीड-दोन वर्षं औषधं लागायची आणि इंजेक्शनांनी कित्येकांचे कान जायचे, ते त्याच्या वाट्याला आलं नाही. पण लिनेझोलिडने त्याच्या तळव्यांना मुंग्या येतात आणि दर काही दिवसांनी रक्त तपासावं लागतं. रात्रपाळी सुटली आहे, ठेकेदाराकडचं कामही गेलं आहे. मामू आता रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसतात आणि गोळ्या घशाखाली उतरेपर्यंत उठत नाहीत. मागच्या महिन्यात मामीला खोकला झाला. शेजारच्या खालांनी प्रेमाने पाच गोळ्यांची एक पट्टी आणून दिली. मामीने ती फडताळात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेडक्याची डबी घेऊन केंद्रात गेली.