चार आणि आठ यांचा संसार

विवाहेच्छूंच्या परिचयपत्रात जन्मतारीख असते आणि ती वाचताच अनेक घरांत पहिली बेरीज होते ती केवळ तारखेची. महिना आणि वर्ष बाजूला ठेवून तारखेचे अंक एकत्र केले की जो एक अंक उरतो, त्याला अंकशास्त्रात मूलांक म्हणतात. 13 तारखेचा मूलांक 4, 17 तारखेचा 8, 29 तारखेचा प्रथम 11 व पुढे 2. संपूर्ण जन्मदिनांकाच्या बेरजेतून येतो तो भाग्यांक. अंकशास्त्री मूलांकावरून माणसाची नित्याची वागणूक सांगतात; आयुष्याची दिशा मात्र भाग्यांकात शोधतात. स्थळ पाहताना नेमका हाच भेद विसरला जातो.

अंकमैत्रीची प्रचलित कोष्टके मुख्यतः किरोच्या लेखनावरून आलेली आहेत. 1, 2, 4 आणि 7 यांचा एक गट, 3, 6 आणि 9 यांचा दुसरा; 5 सर्वांशी जुळवून घेणारा. 4 आणि 8 यांच्या परस्परसंबंधाबद्दल मात्र किरोने सावध केले आहे. भारतीय अंकशास्त्र्यांनी 4 राहूकडे व 8 शनीकडे सोपविल्यामुळे ही भीती अधिकच दाट झाली. परिणाम असा की मूलांक 4 असलेल्या मुलीसाठी 8, 17 आणि 26 या तारखांचे सर्व मुलगे आपोआप वगळले जातात. गणिताने पाहिले तर दर दहा स्थळांमागे जवळजवळ एक स्थळ केवळ या एका बेरजेने परत जाते. चांगल्या स्थळाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला हा तोटा लहान नव्हे.

उदाहरणादाखल मुलीची जन्मतारीख 13-6-1998 आणि मुलाची 17-11-1995 अशी धरू. मूलांक 4 आणि 8. कोष्टकापुरते पाहिले तर येथेच नकार येतो. जाणता अंकशास्त्री मात्र आधी विचारतो की 4 आणि 8 कोणत्या अंकांपासून झाले. मुलीच्या तारखेतला 1 पुढाकार घेणारा व 3 बोलका मानला जातो. त्यांची बेरीज 4, म्हणजे शिस्त आणि क्रम. मुलाच्या तारखेत 1 सोबत 7 आहे, म्हणजे पुढाकारासोबत एकांताची ओढ. बेरीज 8, म्हणजे परिश्रम, जबाबदारी आणि पैशाचा हिशेब.

नित्याच्या जीवनात याचा अर्थ तो असा लावतो. दोघेही कामाचे, आळसावरून भांडण होणार नाही. तिला प्रत्येक वस्तू ठरल्या जागी आणि खर्च ठरल्या क्रमाने हवा. त्याला महिन्याअखेर काय उरले एवढेच पाहायचे. कपाटाची किल्ली, किराण्याची यादी, पाहुण्यांचा खर्च अशा बारीकसारीक बाबींत खटका उडेल. त्यावेळी तो दुकानाच्या कामात गढून मौन धरील आणि तिला ते मौन रुसवा वाटेल. म्हणून घरखर्चाची वही एकाच्याच हाती असावी व रात्रीचा काही वेळ हिशेबाविना जावा, एवढेच तो सुचवितो. ग्रहशांती वा रत्न यांचा येथे संबंध येत नाही. जो तेथूनच आरंभ करतो, त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

यानंतर तो भाग्यांक काढतो. मुलीच्या संपूर्ण तारखेची बेरीज 37, त्यावरून 10 आणि शेवटी 1. मुलाची 34, म्हणजे 7. किरोच्याच मांडणीत 1 आणि 7 एका गटातले. ज्या कोष्टकाने स्थळ नाकारले, तेच कोष्टक पूर्ण वाचले असता स्थळ स्वीकारते. तारखेच्या एका अंकावरून नकार देणे हे अंकशास्त्राच्याच नियमांत बसत नाही. अंकांचे हे गुणधर्म परंपरेने मानलेले आहेत, प्रयोगाने सिद्ध झालेले नाहीत, हे तर वेगळेच.

मग प्रश्न उरतो तारीख खरी आहे का याचा. अंकशास्त्र इंग्रजी तारीख मानते आणि ती मध्यरात्री बदलते; पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून धरला जातो. 14 तारखेच्या पहाटे तीन वाजता जन्मलेल्या मुलाचा जन्म घरात 13 चा सांगितला जात असेल, तर मूलांक 5 ऐवजी 4 होतो. जन्माची नेमकी वेळ पाहिल्यावाचून असा अंक मांडू नये. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत अडचण याहून मोठी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी 1 जून लिहिलेली कितीतरी माणसे महाराष्ट्रात आहेत. एखादे आजी-आजोबा कागदोपत्री दोघेही मूलांक 1 निघतात आणि दोन सूर्य एका घरात कसे नांदले, याचे कोडे नातवंडांना पडते. ते सोडवायला आजीला तिची तिथी विचारावी लागते.