सारांशातले क्विंटल, पद्धतीतले चौरस मीटर

शोधनिबंधाच्या सारांशात ‘हेक्टरी 30 क्विंटल उत्पादन’ असे वाचताच पदव्युत्तर विद्यार्थ्याने ‘साहित्य व पद्धती’ हा भाग उघडून कापणीच्या क्षेत्राचा आकार शोधावा, असे माझे मत आहे. संपूर्ण हेक्टर कोणी कापलेला नसतो. लहान वाफ्यातील वजनाला गुणून तो आकडा मिळतो.

दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पां. वा. सुखात्मे यांनी कापणीचे क्षेत्र फार लहान घेतल्यास उत्पादन फुगलेले दिसते, हे 1947 मध्ये दाखवून दिले. कडेवरची रोपे नकळत आत धरली जातात. समजा, चारही बाजूंनी 5 सेंटिमीटर अधिक कापले गेले, तर 1 मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्र 21 टक्क्यांनी वाढते. 5 मीटर बाजूच्या चौरसाचे जेमतेम 4 टक्क्यांनी.

एकाच प्रयोगातील सारख्या आकाराच्या वाफ्यांच्या तुलनेला याची झळ कमी बसते. मात्र तोच आकडा जिल्ह्याच्या सरासरीशेजारी ठेवला की फसगत होते. निबंधात वाफ्याचा केवळ एकूण आकार दिला असेल आणि कडेच्या ओळी वगळून उरलेले निव्वळ क्षेत्र दिले नसेल, तर ते 30 क्विंटल आपल्या टिपणात प्रश्नचिन्हासह लिहावेत.