प्रसादाची वाटी दारात येण्याआधी

श्रावण लागला की इमारतीत सत्यनारायणाची आमंत्रणे सुरू होतात. "वहिनींना घेऊन या तीर्थप्रसादाला," असे समोरचे काका प्रेमाने सांगून जातात आणि आपल्या घरात कुजबूज सुरू होते. ड्युटी सांगावी की गावाला जायचे म्हणावे? आपले बरेच बांधव थाप मारून मोकळे होतात. पण पुढच्या श्रावणात दुसरी थाप शोधावी लागते, आणि संध्याकाळी प्रसादाची वाटी दारात येतेच.

सत्यनारायण हे विष्णूचेच रूप मानले जाते. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची, त्यांची उपासना न करण्याची आहे. म्हणजे पूजेला बसणे आपल्याला जमणारे नाही. पण त्या प्रतिज्ञा वाचून पाहा. प्रत्येक प्रतिज्ञा 'मी'ची आहे. शेजाऱ्याने काय मानावे, हे तिथे एका शब्दानेही सांगितलेले नाही. नकारही त्याच भाषेत द्यावा.

यात खरी अडचण प्रसादाची आहे. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेता निघते आणि तिच्या नवऱ्याची नाव दिसेनाशी होते. तुंगध्वज राजा गवळ्यांनी दिलेला प्रसाद टाकून जातो आणि मुले, संपत्ती सारे गमावतो. ही कथा दरवर्षी भक्तिभावाने ऐकणाऱ्या काकूंना, हातात दिलेली वाटी परत आली तर, अपमानापेक्षा आपल्याबद्दल काळजीच जास्त वाटते. ही कथा कशी खोटी, हे त्या वेळी दारात उभे राहून समजावणाऱ्या आमच्या उत्साही तरुणांना काय म्हणावे!

म्हणून नकार पूजेच्या दिवशी नको, आमंत्रण येते त्याच क्षणी द्यावा. मी काकांना एवढेच म्हटले, "काका, आठवणीने बोलावलंत, बरं वाटलं. आम्ही बौद्ध आहोत, पूजेला बसत नाही, प्रसादही घेत नाही. काकूंनाही सांगून ठेवा, म्हणजे त्यांना वाईट वाटायला नको. खुर्च्या लागल्या तर आमच्या घेऊन जा." काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "सहा लागतील."

तरीही कोणी पोराच्या हाती वाटी पाठवलीच, तर हात जोडून परत पाठवावी. घेऊन मागच्या दाराने कचऱ्यात टाकणे हा मात्र त्यांच्या श्रद्धेचा अपमान आहे, आणि आपल्या प्रामाणिकपणाचाही. त्यांच्या घरच्या लग्नाला, मयताला, आजारपणाला आपण न बोलावता जावे. पूजेचा नकार शेजाराचा नकार होता कामा नये.

बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून तांदळाची खीर त्यांच्याकडे गेली. काकूंचा पौर्णिमेचा उपवास होता. त्यांनी तसे सांगितले, सौभाग्यवतींनी आग्रह केला नाही, आणि दोघी दारातच अर्धा तास बोलत उभ्या राहिल्या.