‘टेस्टर बघून घेईल’ म्हणण्याआधी

कोड आपण लिहायचा आणि त्यातल्या चुका टेस्टरने शोधायच्या, अशी कामाची वाटणी आयटीतल्या बऱ्याच मित्रांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. तुमच्याही असेल, तर एकदा मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याकडे बघा.

जव्हार-मोखाडा हा कुपोषणामुळे वर्षानुवर्षं बातम्यांत येणारा भाग. इथे पाड्यापाड्यांवर अंगणवाडी सेविका मुलांचं वजन आणि उंची मोजतात आणि ॲपमध्ये भरतात. कोणत्या मुलाकडे तातडीने लक्ष द्यायचं, हे या आकड्यांवरून कळतं. म्हणजे एक नोंद हरवली, तर यादीतून एक मूल हरवतं.

केंद्र सरकारचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप मार्च २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. त्यांच्या मुख्य तक्रारी दोन होत्या. ॲप इंग्रजीत आहे आणि फोन कमी क्षमतेचे असल्याने हँग होतात. आता मला सांगा, यातली कोणती चूक टेस्टरची? टेस्टर रिक्वायरमेंट समोर ठेवून स्क्रीन तपासतो. ‘मराठी हवी’ असं कुणी लिहिलंच नसेल, तर त्याच्या तक्त्यात सगळं ‘पास’ होणार. भाषा कोणती आणि फोन कोणता, हे त्याच्या टेबलावर काम येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

बरं, हे झालं वरच्यांचं. आपल्या कोडचं काय? आता जे सांगते ते या ॲपबद्दल नाही. अशा कुठल्याही ॲपमध्ये घडू शकेल, असं उदाहरण आहे.

सेविकाताईंनी वजन भरलं, ‘सेव्ह’ दाबलं. नोंद सर्व्हरवर पोचली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत यायच्या आत रेंज गेली. स्क्रीनवर ‘एरर’ आलं. ताईंनी साहजिकच पुन्हा दाबलं. आता एकाच मुलाच्या दोन नोंदी झाल्या. दुसऱ्या वेळी कंटाळून त्यांनी दाबलंच नाही आणि नोंद खरोखरच पोचलेली नसेल, तर एकही नाही. ऑफिसच्या वाय-फायवर हा प्रकार सहसा दिसत नाही, कारण तिथे निरोप लगेच परत येतो.

उपाय अवघड नाही, पण तो एकट्याच्या हातातला नाही. ॲप लिहिणाऱ्याने नोंद आधी फोनमध्येच साठवायची आणि तिला तिथेच एक वेगळा क्रमांक द्यायचा. हा क्रमांक फॉर्म सेव्ह होताना एकदाच तयार व्हायला हवा. पाठवताना दर वेळी नवा केला तर काही उपयोग नाही. सर्व्हर लिहिणाऱ्याने तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरी नोंद करायची नाही, फक्त ‘मिळाली’ म्हणायचं. आणि ही अट डेटाबेसमध्येच घालायची, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर ‘आधी शोधा, मग लिहा’ हा कोड दोन्हींना आत सोडतो. डिझायनरने ‘एरर’ऐवजी ‘फोनमध्ये जपलंय, रेंज आली की जाईल’ असं मराठीत दाखवायचं. आणि काम ठरवणाऱ्याने पहिल्याच दिवशी लिहायचं: रेंज नसताना २० नोंदी भरल्या, फोन बंद करून चालू केला, तरी वीसच्या वीस एकदाच पोचल्या पाहिजेत.

मग टेस्टरला काय काम उरलं? खरं काम तिथूनच सुरू होतं. ते वाक्य लिहिलं जात असतानाच त्याने विचारायचं, ‘फोनची मेमरी भरली तर? तारीख चुकीची असली तर?’ हाच प्रश्न शेवटच्या आठवड्यात आला, तर नोंदी साठवायची अख्खी पद्धत बदलावी लागते. तेव्हा वेळ नसतो, म्हणून चूक तशीच पुढे जाते.

‘सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही’ असं कुणी म्हणेल. नुसतं तोंडाने म्हटलं तर ते खरंच आहे. पण वरच्या उदाहरणात प्रत्येकाच्या वाट्याला नेमकं एक काम आलंय आणि ते झालं की नाही हे तपासता येतं. टेस्टर शेवटी फार तर चूक दाखवेल. ती दुरुस्त करायला कोड पुन्हा तुमच्याकडेच येणार.

तर फायनल इयरचं प्रोजेक्ट मित्राला ‘जरा टेस्ट कर ना’ म्हणून देण्याआधी एक करा. फॉर्म भरा, ‘सेव्ह’ दाबा आणि लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका. मग तो मोड काढा, पुन्हा ‘सेव्ह’ दाबा आणि डेटाबेस उघडून नोंदी मोजा. एकापेक्षा जास्त किंवा कमी निघाली, तर मित्राला द्यायची वेळ अजून आलेली नाही.