क्रिप्टोची नोटीस आली? उत्तरात आधी खरेदीचा पुरावा जोडा

क्रिप्टोचे व्यवहार विवरणपत्रात न दाखवलेल्यांना आयकर विभाग विचारणा करतो, तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा विक्रीचा आकडा असतो. जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो आणि ती नोंद एआयएसमध्ये दिसते. खरेदी कितीला झाली, हे मात्र तिथे दिसत नाही. ते तुम्हालाच दाखवावे लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २०२३-२४ मध्ये एका ट्रेडरने ६ लाखांचे बिटकॉइन आणि ४ लाखांचे इथर विकले. एआयएसमध्ये १० लाख दिसतात. बिटकॉइनची खरेदी ४.५ लाखांची, म्हणजे दीड लाख नफा. इथरची खरेदी ४.६० लाखांची, म्हणजे ६० हजार तोटा. हातात ९० हजारच उरले, तरी कर दीड लाखावर लागतो, कारण कलम ११५बीबीएच एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाही. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस मिळून ४६,८०० रुपये होतात. १० हजार टीडीएस वजा जाऊन ३६,८०० रुपये आणि वर व्याज भरावे लागेल.

खरी अडचण इथरची आहे. ते एका एक्स्चेंजवर घेतले, स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवले आणि दुसऱ्या एक्स्चेंजवर विकले. दुसऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये फक्त ‘डिपॉझिट’ दिसते, किंमत नाही. खरेदी सिद्ध झाली नाही, तर पूर्ण ४ लाख नफा धरला जाऊ शकतो आणि कर १,२४,८०० रुपयांनी वाढतो.

म्हणून साखळी जोडा: पहिल्या एक्स्चेंजची खरेदी, तिथून वॉलेटमध्ये पाठवल्याचा हॅश, वॉलेटमधून दुसरीकडे गेल्याचा हॅश आणि शेवटी विक्री. ब्लॉकचेनवर पत्ता दिसतो, नाव नाही. पण दोन्ही टोकांची केवायसी खाती तुमच्याच नावावर असतील तर वॉलेटही तुमचेच, हे पटवता येते. नाण्यांच्या संख्येत नेटवर्क फीइतकाच फरक हवा. मोठी तफावत दिसली तर मधला एखादा व्यवहार सुटला आहे, असे समजा.

वेळही तपासा. काही स्टेटमेंट यूटीसीमध्ये असतात. ३१ मार्चला रात्री ८ची तिथली नोंद आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे दीडची, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षातली ठरते.

उत्तर पोर्टलच्या ई-प्रोसीडिंग्जमध्ये, मुदतीत द्या. वॉलेटचा पत्ता आणि हॅश पुरेसे आहेत. सीड फ्रेज कोणालाही देऊ नका.

आणि दीड लाखांचा नफा लपवू नका. उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो, चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास २०० टक्के. नफा मान्य करून हिशेब देणेच स्वस्त पडते.