नाव झाकूनही ओळखू यावी अशी चिठ्ठी

दिवाळीत ग्राहकांना सुकामेव्याचा डबा पाठवताना बहुतेक व्यावसायिक आत छापील कार्ड ठेवतात. 'आपणांस व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढाच मजकूर आणि खाली कंपनीचे नाव. त्या आठवड्यात एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागात असे कितीतरी डबे येतात. काजू, बदाम, पिस्ते, मनुका सगळ्यांत तेच असतात. कार्डही तेच असेल, तर डबा कोणी पाठवला हे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून चिठ्ठीत निदान एक वाक्य असे हवे, जे दुसऱ्या कुठल्याच ग्राहकाला पाठवता येणार नाही. ते साधले का, हे पाहायची कसोटी सोपी आहे. ग्राहकाचे नाव बोटाने झाका आणि वाचा. तरीही चिठ्ठी कोणासाठी आहे ते कळले, तर ती जमली.

समजा, भोसरीतला एक साचे बनवणारा वर्कशॉपवाला आपल्या ग्राहकाला लिहितो आहे. 'सप्रेम नमस्कार. जुलैत साचा दुरुस्तीला आला, तेव्हा तुमच्या विभागाने सुधारित ड्रॉइंग त्याच संध्याकाळी पाठवले, म्हणून काम चार दिवसांत झाले. त्याबद्दल मनापासून आभार. हा खाऊ तुम्हा सर्वांसाठी. दिवाळीच्या शुभेच्छा.' खाली सही आणि पूर्ण नाव. यात 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल' नाही. सहकार्य कोणते, ते आहे. शिवाय डबा टेबलावर सर्वांसमोर उघडतो, चिठ्ठी अनेकजण वाचतात. म्हणून तीत दर, थकलेले बिल किंवा नव्या मालाची जाहिरात येता कामा नये. थकबाकीची एक ओळ आली, की भेट तगाद्यासारखी वाटते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. साठ ग्राहक असतील तर साठ चिठ्ठ्या कोण लिहिणार? पण नमस्कार, शुभेच्छा छापून घेता येतात. हाताने लिहायचे ते एकच वाक्य. त्याचा मजकूर वर्षभराच्या चलनांत आणि ईमेलमध्ये असतोच. दसऱ्यानंतर रोज पाच-सहा लिहिली, तर धनत्रयोदशीच्या आत काम उरकते. ज्या ग्राहकाबद्दल काहीच आठवत नाही, त्याला साध्या शुभेच्छा द्याव्यात. ओढूनताणून रचलेली आठवण लगेच उघडी पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशी जवळीक खुशामतीची वाटेल, आणि काही कंपन्यांत भेटींवर मर्यादा असतात. म्हणूनच कौतुक न करता घडलेली गोष्ट लिहावी आणि चिठ्ठी एका अधिकाऱ्याऐवजी विभागाच्या नावे काढावी. कंपनीचा नियमच भेट नाकारणारा असेल, तर डबा पाठवू नये, नुसती चिठ्ठी पाठवावी. वर्षातल्या एका खऱ्या कामाची नोंद तीत आहे, म्हणून डब्याशिवायही ती पुरेशी ठरते. छापील कार्डाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.